क्विकसॉर्ट 'कायम' n log n मध्येच संपतो? सॉर्टेड यादीवरसुद्धा?

सुमेधा_क

मुलाखतीच्या तयारीसाठी आमचा एक छोटा गट आहे. तिथे एकाने टिपणं वाटली, त्यात एक वाक्य ठळक अक्षरात होतं: "क्विकसॉर्ट कायम n log n वेळात चालतो. यादी आधीच क्रमाने लावलेली असली तरी फरक पडत नाही, कारण तो प्रत्येक वेळी यादीचे दोन भाग करतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला 'कायम' हा शब्द खटकला, म्हणून तपासायला घेतलं. पार्टिशनची सर्वात सोपी, शेवटचा घटक पिव्होट धरणारी रीत लिहिली:

```python
def qs(a, lo, hi):
    if lo >= hi:
        return
    p = a[hi]
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] < p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    qs(a, lo, i - 1)
    qs(a, i + 1, hi)
```

विस्कटलेली २००० आकड्यांची यादी दिली, झटक्यात लागली. तीच लागलेली यादी पुन्हा दिली तर `RecursionError`. टिपणं लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की ही पायथनची मर्यादा आहे, अल्गोरिदमची नाही. शिवाय त्याने स्वतःच्या कोडवर सॉर्टेड यादी चालवून पाहिली आहे आणि ती विस्कटलेल्या यादीपेक्षाही लवकर लागते. तो खोटं बोलणारा माणूस नाही. मग दोघांना वेगळं का दिसतंय? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

---

धडपड्या

एवढा काथ्याकूट कशाला? मी आत्ता १ ते १० लाख आकडे क्रमाने घेऊन `sorted()` ला दिले. डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. विस्कटून दिले तेव्हा जास्त वेळ लागला. म्हणजे टिपणातलं वाक्य बरोबर. तुमच्या कोडमध्ये बग असणार.

---

आडवाटेने

धडपड्या, `sorted()` मध्ये क्विकसॉर्ट नाहीच. तिथे टिमसॉर्ट आहे, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेला. तो आधी यादीत चढत्या क्रमाचे सलग तुकडे शोधतो. अख्खी यादी हाच एक तुकडा निघाला तर n−1 तुलना करून तो मोकळा होतो. तुम्ही जे मोजलंत ते खरं आहे, पण ते दुसऱ्याच गड्याचं मोजमाप आहे.

सुमेधा, तुमच्या कोडमध्ये बग नाही. `RecursionError` हे लक्षण आहे, आजार नाही. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते आणि तुमचा कोड २००० च्या यादीवर जवळजवळ २००० पायऱ्या खोल जायला बघतोय. दर पायरीला यादी निम्मी होत असती तर तो ११ च्या आसपास थांबला असता. तेव्हा खरा प्रश्न हा, की यादी निम्मी का होत नाहीये.

८ आकडे घेऊन हाताने करा. यादी १ २ ३ ४ ५ ६ ७ ८, पिव्होट ८. बाकीचे सातही त्याच्याहून लहान, म्हणून सगळे डावीकडे. उजवीकडे कोणीच नाही. सात तुलना झाल्या आणि हाती काय लागलं? ८ जिथे होता तिथेच आहे. आता १ ते ७ ची यादी, पिव्होट ७, सहा तुलना, परत तेच. एकूण ७+६+५+४+३+२+१ = २८. सर्वसाधारण सूत्र n(n−1)/2. "दोन भाग करतो" हे खरं आहे, फक्त त्यातला एक भाग रिकामा असतो. टिपणातल्या वाक्याने दोन भागांचे परस्पर दोन *सारखे* भाग करून टाकले, आणि सगळी गफलत तिथेच आहे.

आता तुमच्या मित्राचं. त्याने पिव्होट मधला घेतला असणार. त्याला विचारा.

---

सुमेधा_क

विचारलं. हो, मधलाच. माझ्याच कोडमध्ये `p = a[hi]` च्या आधी या दोन ओळी आहेत:

```python
m = (lo + hi) // 2
a[m], a[hi] = a[hi], a[m]
```

त्या घालून तुलना मोजल्या. १ ते ८ च्या सॉर्टेड यादीवर १३ आल्या. मग १०२३ आकडे घेतले (दर वेळी बरोब्बर मध्ये चिरता यावी म्हणून हा आकडा). सॉर्टेड यादीवर मधला पिव्होट: ८,१९४. शेवटचा पिव्होट: ५,२२,७५३. दुसऱ्या मोजणीसाठी रिकर्शनची मर्यादा वाढवावी लागली. आता तो म्हणतोय, "बघ, मग मधला घ्यायचा आणि 'कायम' लिहायचं." आता?

---

कंसातला_मजकूर

रिकर्शनची भीती असेल तर सोपा उपाय आहे. दोन भागांपैकी लहान भागावर रिकर्शन करायचं आणि मोठा भाग `while` लूपमध्ये हाताळायचा. मग खोली कधीच log₂ n च्या वर जात नाही, यादी कशीही असो. जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. हे केलं की क्विकसॉर्टचा वाईट प्रसंगच उरत नाही, आणि टिपणातलं वाक्य सरळ खरं ठरतं.

---

आडवाटेने

पूर्वार्धाशी सहमत, उत्तरार्धाशी नाही. खोलीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे: ज्या भागावर रिकर्शन होतं तो जास्तीत जास्त निम्मा असतो, म्हणून स्टॅक log₂ n च्या आत राहतो. पण त्याने तुलना एकही कमी होत नाही. वरच्या ८ आकड्यांवर शेवटचा पिव्होट ठेवून करून बघा. रिकाम्या भागावर रिकर्शन होईल, मोठा भाग लूपमध्ये फिरेल, आणि बेरीज पुन्हा २८. प्रोग्राम कोसळायचा थांबतो, संथपणा तसाच राहतो. उलट एका अर्थाने प्रकरण जास्त अवघड होतं, कारण आधी निदान एरर यायची आणि कळायचं. आता नुसताच पंखा फिरत राहील.

मर्यादा वाढवून पायथनला गप्प करण्याचंही तेच.

आता मधल्या पिव्होटकडे. सॉर्टेड यादीत मधला घटक हाच मध्यक असतो, म्हणून तिथे तो सर्वोत्तम. वरच्या कोडचा एक गुणही आहे: यादी सॉर्टेड असेल तर मधला शेवटी नेऊन पार्टिशन झाल्यावर तो जागेवर परत येतो आणि दोन्ही भाग पुन्हा सॉर्टेडच उरतात. त्यामुळे खालपर्यंत सगळं सुरळीत जातं. मित्राचा अनुभव या एका यादीपुरता पूर्ण खरा आहे. पण यादीच्या मध्ये मध्यक बसलेला असणं हा त्या यादीचा गुण झाला, अल्गोरिदमचा नव्हे. मी दर वेळी मध्ये सर्वात मोठा आकडा बसवून दिला तर?

अशी यादी बनवायला डोकं लावावं लागत नाही, कोडच उलटा चालवायचा. k आकड्यांची वाईट यादी हाताशी असेल तर तिच्या शेवटी आणखी मोठा आकडा ठेवा आणि तो मधल्या जागेवरच्याशी अदलाबदल करा. क्विकसॉर्ट आल्यावर पहिल्यांदा हीच अदलाबदल परत फिरवेल, सगळे लहान डावीकडे राहतील आणि खाली आपली k ची वाईट यादी जशीच्या तशी मिळेल.

```python
a = list(range(1, n + 1))
for k in range(1, n):
    a[k // 2], a[k] = a[k], a[k // 2]
```

n = ८ साठी हे देतं: २ ४ ६ ८ १ ५ ३ ७. कागदावर करून बघा. मध्ये ८ आहे. तो शेवटी गेला की राहतात २ ४ ६ ७ १ ५ ३, मध्ये ७. तो गेला की २ ४ ६ ३ १ ५, मध्ये ६. मग २ ४ ५ ३ १, मध्ये ५. शेवटपर्यंत असंच.

---

सुमेधा_क

केलं. २८ आल्या! आणि १०२३ वर ५,२२,७५३, म्हणजे शेवटच्या पिव्होटला सॉर्टेड यादीवर आलेला आकडाच, एकाचाही फरक नाही. मित्राला पाठवलं आहे. त्याचं उत्तर: "ही मुद्दाम रचलेली यादी आहे, खऱ्या डेटात अशी कोण देईल."

---

जुना_टर्मिनल

मुद्दाम न रचताही येते. १९९१ ची गोष्ट आहे. ॲलन विल्क्स आणि रिक बेकर यांना C मधल्या `qsort` ची एक फेरी काही मिनिटांत संपायला हवी असताना तासन्‌तास चाललेली दिसली. यादी होती १ २ ३ … n n … ३ २ १ या आकाराची, आधी चढत गेलेली आणि मग उतरलेली. ऑर्गनच्या नळ्या म्हणतात त्या आकाराला. कोणी कट केला नव्हता, डेटाच तसा होता. त्यावरून जॉन बेंटली आणि डग मॅकिलरॉय यांनी `qsort` नव्याने बांधला आणि १९९३ मध्ये त्यावर लेख लिहिला.

चढून उतरणारा डेटा म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नाही. दिवसभराचं तापमान घ्या.

---

पिंपळपान

धागा वाचून जुनी जखम उघडली, म्हणून लिहिते. आमच्याकडे वेगवेगळ्या यंत्रांकडून नोंदी येतात, प्रत्येकीवर वेळेचा शिक्का. त्या जवळपास क्रमानेच येतात, क्वचित एखादी उशिरा पोचते. कोणीतरी फार पूर्वी हाताने लिहिलेला क्विकसॉर्ट त्यांना क्रम लावायचा, शेवटचा घटक पिव्होट. चाचणीत नोंदी विस्कटून घातलेल्या होत्या, सगळं छान चालायचं. प्रत्यक्षात नोंदी वाढत गेल्या तशी ती पायरी भयानक संथ होत गेली. मी तेव्हा म्हणत होते की डेटा पूर्ण सॉर्टेड नाही, थोडा विस्कटलेला आहे, म्हणून ते कारण असू शकत नाही. रिकर्शनची एररही आली नव्हती, कंसातला_मजकूर म्हणतात ती युक्ती कोडमध्ये होती. शेवटी लायब्ररीचा सॉर्ट लावला आणि विषय संपला. पण थोडं विस्कटलेलं असूनही का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

---

आडवाटेने

पिंपळपान, तुमचं उदाहरण या धाग्यातलं सर्वात कामाचं आहे. कारण प्रत्यक्षात पूर्ण सॉर्टेड यादीपेक्षा जवळजवळ सॉर्टेड यादी जास्त भेटते.

समजा २ लाख नोंदी आहेत, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, आणि उशीर असा मर्यादित आहे, की कुठलीही नोंद घेतली तरी तिच्या आधी येऊन बसलेल्या 'तिच्याहून नंतरच्या' नोंदी फार तर २० असतील. पिव्होट शेवटचा. त्याच्याहून मोठ्या नोंदी किती? फार तर २०. म्हणजे पार्टिशन झाल्यावर उजवीकडे जास्तीत जास्त २०, बाकी सगळं डावीकडे. एका फेरीत यादीतून निघाल्या फार तर २१ नोंदी.

आता बघायचं ते डाव्या भागाचं काय होतं. सुमेधांच्या कोडसारखं पार्टिशन असेल तर लहान घटक डावीकडे सरकताना आपापसातला क्रम सोडत नाहीत. म्हणजे डावीकडेही "फार तर २० नंतरच्या आधी आलेल्या" ही अट टिकून राहते. पुढच्या फेरीत पुन्हा फार तर २१ निघतात. अख्खी यादी २१-२१ ने झिजवायची म्हणजे तुलना साधारण n²/४२, निदान. २ लाखांसाठी ते सुमारे ९५ कोटी होतं. याच नोंदी नीट पिसून घेतल्या असत्या तर सरासरी ४३ लाखांच्या आसपास तुलना लागल्या असत्या.

त्यामुळे "थोडं विस्कटलेलं" याने भागाकारात २१ आला, पण वरचा वर्ग तसाच राहिला. नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट. ओळखायची खूणही तीच: यादी दुप्पट करा आणि वेळ मोजा. दुपटीहून थोडा जास्त वाढला तर n log n, चौपटीकडे गेला तर ही भानगड. एका आकाराची यादी घेऊन घड्याळ लावण्यातून काहीच कळत नाही.

---

पिंपळपान

आता उजेड पडला! भागाकारातला आकडा मी कारणातच धरत नव्हते. चाचणीतला डेटा पिसलेला आणि खरा डेटा न पिसलेला, एवढाच फरक होता तर.

---

कंसातला_मजकूर

ठीक, वेळेबद्दलचं मागे घेतो. पण मग तीन घटकांचा मध्यक घ्या की. पहिला, मधला, शेवटचा, त्यातला मधल्या किमतीचा पिव्होट. सॉर्टेड, उलटी सॉर्टेड, जवळजवळ सॉर्टेड, सगळ्यांची सोय झाली. किंवा सरळ रँडम पिव्होट. मग तरी 'कायम' म्हणता येईल ना?

---

आडवाटेने

तिनांचा मध्यक चांगला सुधार आहे, हमी नाही. त्यालाही मारणारी यादी बनवता येते. मॅकिलरॉय यांनीच १९९९ मध्ये त्याची एक गमतीदार रीत दाखवली: यादी आधी ठरवायचीच नाही. सॉर्ट चालू द्यायचा, आणि तो दोन घटकांची तुलना मागेल तेव्हा, आधीच्या उत्तरांशी विसंगत होणार नाही असं पण त्याला सर्वात गैरसोयीचं उत्तर द्यायचं. पिव्होट म्हणून जो वापरला जातोय असं दिसेल त्याला लहान किंमत देऊन टाकायची. शेवटी जी यादी 'होती' असं ठरतं ती त्या सॉर्टला वर्गाच्या वेळात ढकलते. पिव्होट निवडायला ठराविक, थोड्याच तुलना करणारा कुठलाही क्विकसॉर्ट यातून सुटत नाही.

रँडम पिव्होटचं जरा सावकाश बोलायला हवं. तिथे वाक्याचा अर्थच बदलतो. सगळे आकडे वेगवेगळे असतील तर *कुठल्याही* यादीवर, सॉर्टेड असो की वर दिलेली मारेकरी असो, तुलनांची सरासरी अपेक्षा एकच येते. सूत्र 2(n+1)Hₙ − 4n, यात Hₙ म्हणजे 1 + 1/2 + … + 1/n. ८ साठी सुमारे १७, १०२३ साठी सुमारे ११,३००. मघाच्या ८,१९४ पेक्षा थोडी जास्त, ५,२२,७५३ पासून कोसो दूर. म्हणजे वाईट यादी ही गोष्टच उरली नाही. उरलं ते फक्त वाईट नशीब.

पण नशीब आहे. ८ आकड्यांत दर वेळी टोकाचाच पिव्होट लागण्याची शक्यता ३१५ मध्ये १, म्हणजे २८ तुलना अधूनमधून दिसतीलच. २० आकड्यांवर तीच शक्यता साधारण साडेचार लाख कोटींत १ होते. हजार आकड्यांवर त्याची चिंता करू नये. तरीही 'कायम' या शब्दाचा अर्थ हा नाही.

एक गंमत. टोनी होअर यांनी १९६१ मध्ये जो अल्गोरिदम छापला त्यात पिव्होट रँडमच निवडलेला होता. शेवटचा घटक धरायची सवय नंतर, शिकवायला सोपी म्हणून रुळली असावी असं माझं मत.

---

जुना_टर्मिनल

रँडमच्या कौतुकात एक गोष्ट राहिली: "सगळे आकडे वेगवेगळे असतील तर". सुमेधांच्या कोडला एकाच आकड्याची यादी द्या. ५ ५ ५ ५ ५ ५ ५ ५. पिव्होट कुठलाही घ्या, रँडम घ्या, ज्योतिषाला विचारून घ्या. `a[j] < p` कधीच खरं होणार नाही. सगळे उजवीकडे, डावीकडे शून्य. २८.

---

सुमेधा_क

अरे हो! आणि `<=` केलं तर सगळे डावीकडे. २८च.

पण अख्खी यादी एकाच आकड्याची असणं दुर्मीळच ना?

---

जुना_टर्मिनल

एकाच आकड्याची दुर्मीळ. तीनच किमती असलेला रकाना? "बाकी, चालू, पूर्ण"? पावलोपावली. १ लाख नोंदी घ्या. एका किमतीच्या निदान ३३,३३४ असणारच. सारख्या किमतीचे घटक एकाच भागात एकत्र प्रवास करतात, त्यांतला एक पिव्होट होईपर्यंत. तो झाला की उरलेल्या प्रत्येकाशी त्याची तुलना होते. म्हणजे सारख्यांची प्रत्येक जोडी एकदा तुलनेत येतेच, सुटका नाही. ३३,३३४ च्या जोड्या मोजा, सुमारे ५५ कोटी ५६ लाख. आणि ही फक्त एका गटाची बेरीज झाली.

उपाय: तीन भाग करा. लहान, सारखे, मोठे. सारखे जागेवर बसले, त्यांच्यावर पुन्हा रिकर्शन नाही. तीन किमतींच्या यादीचं काम मग दोन-तीन फेऱ्यांत आटपतं. किंवा होअर यांची मूळ दोन टोकांकडून येणारी पद्धत, सारख्यावर थांबणारी. ती सारखे घटक दोन्हीकडे साधारण निम्मे वाटते. दिसायला फुकटच्या अदलाबदली, पण त्याच वाचवतात.

---

धडपड्या

बरं, `sorted()` चं कळलं. पण मग C++ चं काय? मी स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करतो, `std::sort` ला सगळे क्विकसॉर्ट म्हणतात आणि तो कधीच अडकत नाही. मी सॉर्टेड, उलटं, सगळं सारखं, सगळं देऊन पाहिलं आहे. यावेळी तरी क्विकसॉर्टच आहे ना?

---

आडवाटेने

अर्धा. C++ च्या १९९८ च्या मानकात `std::sort` ला सरासरी n log n एवढंच बंधन होतं. C++११ पासून वाईटातल्या वाईट प्रसंगीही n log n हवं. ते साध्या क्विकसॉर्टने पुरं होत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी इंट्रोसॉर्ट असतो, डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये मांडलेला. तो क्विकसॉर्ट म्हणून सुरू होतो आणि आपण किती खोल गेलो ते मोजत राहतो. खोली साधारण 2 log₂ n च्या पुढे गेली की पार्टिशन नीट पडत नाहीये असं समजून त्या तुकड्यावर हीपसॉर्ट चालवतो. १०२३ च्या यादीवर ती सीमा २० च्या जवळ. सुमेधांचा कोड सॉर्टेड यादीवर हजाराच्या वर खोल जात होता, इथे विसाव्या पायरीलाच दुसरा गडी मैदानात उतरतो.

उलट C मधल्या `qsort` ला मानकात वेळेचं कुठलंही बंधन नाही. तो क्विकसॉर्टच असावा असंही नाही, नावावर जाऊ नका.

---

कंसातला_मजकूर

मग इंट्रोसॉर्टला क्विकसॉर्ट म्हणायचं की नाही? म्हणायचं असेल तर टिपणातलं वाक्य खरं ठरतं. शिवाय दर वेळी खरा मध्यक शोधून पिव्होट घेता येतो. ब्लम, फ्लॉइड, प्रॅट, रिव्हेस्ट आणि टार्जन यांची १९७३ ची रीत आहे, n च्या प्रमाणात वेळ लागतो. तो तर निखळ क्विकसॉर्ट, आणि वाईट प्रसंगीही n log n. म्हणजे "क्विकसॉर्ट n log n असू शकतो" हे तरी मान्य करा.

---

आडवाटेने

"असू शकतो" आनंदाने मान्य. टिपणात "असतो, कायम" लिहिलंय. मध्यकाची ती रीत कागदावर चोख आहे, पण मध्यक शोधण्यातच इतक्या तुलना जातात, की प्रत्यक्षात साधा रँडम पिव्होट पुढे निघून जातो. म्हणून ती सहसा नेहमीच्या वाटेवर ठेवत नाहीत, पडलं-धडलं तर आधार म्हणून ठेवतात.

इंट्रोसॉर्टच्या नावाबद्दल माझं मत: वाईट प्रसंगी हमी देतो तो हीपसॉर्ट. मग ती क्विकसॉर्टच्या खात्यावर कशी मांडायची?

---

जुना_टर्मिनल

असहमत. सुटा हीपसॉर्ट आणि खोली मोजणारा क्विकसॉर्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. ९९ टक्के वेळा काम क्विकसॉर्टच करतो, नावही त्याचंच असावं. पण हा वाद इथे संपणार नाही, तो नवा धागा काढून घालू.

---

सुमेधा_क

मित्राशी बोलले. टिपणातली ओळ त्याने बदलली आहे. आता तिथे आहे: "मधला पिव्होट घेतल्यास सॉर्टेड यादीवर n log n. वाईट प्रसंगी n². रँडम पिव्होट आणि तीन भागांचं पार्टिशन घेतल्यास अपेक्षित n log n, यादी कुठलीही असो." मला ठीक वाटतंय. कोणाला काही खुपतंय का?

---

जुना_टर्मिनल

"अपेक्षित" च्या पुढे "तुलना" हा शब्द घाला. लांबलचक अक्षरओळी लावायच्या असतील तर एकेक तुलनाच महाग असते, तिथे घड्याळ वेगळं सांगेल.

---

पिंपळपान

माझी एक शंका अजून आहे. आमच्या नोंदींवर मधला पिव्होट असता तर चाललं असतं का? मध्ये बसलेली नोंद मध्यकाच्या अगदी जवळचीच असणार. पण मधला शेवटी नेताना आणि मोठे घटक मागे ढकलले जाताना उजव्या भागातला क्रम बिघडतो ना? डाव्या भागाबद्दल आडवाटेने यांनी सांगितलं, उजव्याचं काय?

---

आडवाटेने

उजव्याची हमी या कोडमध्ये नाही, बरोबर पकडलंत. डावीकडे तुमची अट बरीचशी टिकते. उजवीकडे मोठे घटक अदलाबदलीत पुढेमागे होतात, पण तुमच्या नोंदींत ही ढवळाढवळ पिव्होटच्या आसपासच्या मोजक्या घटकांपुरतीच राहायला हवी, कारण त्याच्याही पलीकडे लहान घटक उरतच नाहीत. माझा अंदाज आहे की तो n log n च्या जवळ राहील. सिद्ध मात्र केलेलं नाही. २० ऐवजी वेगवेगळे उशीर घालून, यादी दुप्पट करत कोणी मोजून टाकली तर बघायला आवडेल.

---

धडपड्या

मी घेतो मोजायला. यावेळी `sorted()` न वापरता.